सहा बाजूंचे खलबत: महाकाव्यात्मक कल्पनारम्य कादंबरीतील युद्धमसलतीचा प्रसंग कसा लिहावा

मोठ्या पटाच्या कल्पनारम्य कादंबरीत एक प्रसंग बहुधा येतोच. शत्रू दाराशी आला आहे, गडावरच्या खलबतखान्यात सहा पक्षांचे प्रमुख जमले आहेत आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी वेगळेच आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील नव्या लेखकांची हस्तलिखिते वाचताना हा प्रसंग मला एकाच पद्धतीने फसलेला दिसतो. सहा जण ओळीने उठून भाषणे करतात, मधूनमधून एखादा मनात कुटिल विचार करतो, आणि शेवटी राजा निर्णय देतो. सहापैकी तीन पात्रे वगळली तरी कथेचे काही बिघडत नाही. हा प्रसंग उभा कसा करायचा, ते एकच उदाहरण शेवटपर्यंत नेत येथे मांडले आहे.

सारी रचना ज्यावर उभी आहे ती गोष्ट प्रथम सांगतो. पात्राचे गुपित त्याच्या मतातून बाहेर येत नाही, ते त्याच्या अटीतून बाहेर येते. मत सर्वांना ऐकवण्यासाठी असते, म्हणून ते प्रत्येकाने घासूनपुसून आणलेले असते. परंतु ‘माझी हरकत नाही, फक्त एवढे करा’ असे म्हणताना माणूस जे मागतो, किंवा मागायला हवे असूनही मागत नाही, तिथे त्याचे मन उघडे पडते. म्हणून मसलत लिहिण्यापूर्वी सहा मते शोधू नयेत, सहा अटी शोधाव्यात.

पहिले काम: प्रश्न एकच आणि उत्तरे दोनच

‘शत्रूशी कसे लढावे’ हा मसलतीचा प्रश्न होऊ शकत नाही, कारण त्याला पन्नास उत्तरे आहेत आणि वाचक त्यांत हरवतो. प्रश्न असा हवा, की तो एका वाक्यात विचारता येईल, त्याची दोनच उत्तरे असतील आणि ठराविक दिवसानंतर तो विचारण्यात अर्थ उरणार नाही.

असा प्रश्न शोधताना आपल्या पायाखालची जमीन पाहावी. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडे तांबडी माती, दाट रान आणि कोसळणारा पाऊस आहे, तर पूर्वेला बैलहोंगल आणि सौंदत्तीकडे काळी जमीन आणि तुटपुंजा पाऊस आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा या दोन्ही मुलखांतून जाते, आणि वरच्या माणसाचे पाण्याविषयीचे म्हणणे खालच्या माणसाला पटेलच असे नाही. हिडकलच्या जलाशयात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी उतरले की दिसू लागते, ते पाहिलेल्या लेखकाला ‘खोरे बुडवणे’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

यावरून मी उदाहरणाचे कल्पित राज्य बांधतो. समुद्रात बुडून मेलेल्यांचे एक सैन्य किनाऱ्यावर उठले आहे. त्यांचे देह मिठाचे आहेत आणि वाहत्या गोड्या पाण्यात ते विरघळतात. घाटाच्या पायथ्याशी ते पोचले आहेत आणि मृगाला नऊ दिवस उरले आहेत. पाऊस लागला की ते आपोआप संपतील. प्रश्न असा: नऊ दिवस घाट लढवायचा, की पठारावरच्या राजतळ्याचा बांध फोडून खोरे बुडवायचे आणि पाण्याच्या अलीकडे थांबायचे? घाट लढवला तर माणसे मरतील. बांध फोडला तर बारा गावे जातील. जादूचा नियम एकच आहे आणि तो प्रश्नाशी घट्ट बांधलेला आहे, हे मुद्दाम पाहावे. मसलत चालू असताना जादूचा नवा नियम सांगावा लागला, तर प्रश्न चुकीचा निवडला असे समजावे आणि मागे फिरावे.

दुसरे काम: सहा जणांचा कागद

एका मोठ्या कागदावर प्रत्येक पक्षासाठी चार गोष्टी लिहाव्यात: तो उघडपणे काय म्हणतो, त्याला खरे काय हवे आहे, त्याची अट कोणती, आणि त्याच्याकडचे असे काय आहे की ज्यावाचून इतरांचे अडते. चौथी गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. ज्याच्यावाचून कोणाचेच अडत नाही, त्याला खलबतखान्यात घेतले कोणी?

सरलष्कर म्हणतात, घाट लढवा. त्यांचा मुलगा घाटाखालच्या चौकीत अडकला आहे, आणि फौज खाली उतरली तरच तो सुटू शकतो. त्यांची अट अशी, की पहिली तुकडी खालच्या वळणापर्यंत जाईल. फौज त्यांच्या हुकमात आहे.

रानवाटांची जाणती गंगव्वा हिचेही मत घाट लढवा असेच आहे. तिचे वडील समुद्रात बुडाले होते आणि ते आता त्या सैन्यात आहेत. त्यांना आपल्या हाताने अग्नी द्यावा, एवढीच तिची इच्छा आहे. अट अशी, की पडलेल्यांना झऱ्यात ढकलायचे नाही. चोरवाटा फक्त तिला माहीत आहेत.

खोऱ्याचे देसाई बांध फोडण्याच्या विरोधात आहेत, कारण ती बारा गावे त्यांच्या वतनातली. परंतु त्यांच्या वतनाचा कागद खोटा आहे आणि तो खोटा ठरवणारे जुने दफ्तर खोऱ्यातल्या चावडीत आहे. बांध फुटलेला त्यांना हवा आहे, मात्र तो आपल्या विरोधाला न जुमानता फुटला असे दिसले पाहिजे. बांधाच्या मोऱ्यांची माहिती त्यांच्या माणसांना आहे.

मठाचे स्वामी म्हणतात, बांध फोडा. घाटावर लढाई झाली तर त्यांनी मंत्राने पाऊस उतरवावा अशी अपेक्षा असेल, आणि मंत्राची शक्ती मठातून केव्हाच गेली आहे. त्यांची अट अशी, की बांध कुदळींनी फोडावा, मंत्राने नव्हे. त्यांच्याकडे लोकांची श्रद्धा आहे.

बैलतांड्यांच्या नायकाला निकालाशी देणेघेणे नाही. दोन्ही वाटांना बैल लागणार आणि बैल त्याच्याकडेच आहेत. त्याला कायमची जकातमाफी हवी आहे आणि त्याची अट शिक्कामोर्तब केलेल्या सनदेची आहे.

राजमाता ‘सर्वांचे ऐकू’ म्हणतात. त्यांनी गुपचूप शत्रूकडे वकील पाठवला आहे आणि तो परतायला तीन दिवस लागतील. अट अशी, की काहीही ठरो, मोडता येणार नाही असे पाऊल चौथ्या दिवसाआधी पडू नये.

हा कागद तयार झाला, की दोन गोष्टी तपासाव्यात. एक, ज्यांचे मत सारखे आहे त्यांच्या अटी एकमेकींवर आदळतात का? येथे आदळतात. सरलष्करांचा डाव घाटातले झरे शत्रूवर वळवण्याचा आहे आणि गंगव्वाला नेमके तेच होऊ द्यायचे नाही. दोन, ज्यांची मते विरुद्ध आहेत त्यांपैकी कोणा दोघांना एकच गोष्ट हवी आहे का? देसाई आणि स्वामी तोंडाने भांडतात, परंतु दोघांनाही बांध फुटायला हवा आहे. या दोन उलट्या गाठी नसतील तर मसलतीत ‘आपल्या बाजूचे’ आणि ‘त्यांच्या बाजूचे’ असे सरळ दोन गट पडतात आणि सहा पक्ष घेण्याचे कारणच उरत नाही.

आणखी एक पथ्य पाळावे. सहाही गुपिते फितुरीची नसावीत. माझ्या कागदावर एक मुलावरच्या मायेचे आहे, एक मृत बापाविषयीचे आहे, एक लाजेचे आहे, एक धंद्याचे आहे, एक आई म्हणून आणि राज्यकर्ती म्हणून घेतलेल्या जोखमीचे आहे, आणि खऱ्या अर्थाने काळे असे एकच, देसाईंचे. सगळेच कपटी असले की वाचक कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि विश्वासच नसेल तर विश्वासघाताचा धक्का बसत नाही.

इतिहासाकडे येथे जरूर पाहावे. 1565 च्या राक्षसतंगडीच्या लढाईपूर्वी दख्खनच्या सुलतानांची जी एकजूट झाली, तिच्यात विजापूरचा अली आदिलशहा आणि अहमदनगरचा हुसेन निजामशहा हे जुने वैरी एकत्र आले. तो समेट घडला तो सोयरिकीतून. निजामशहाची मुलगी चांदबिबी आदिलशहाला दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून आला. सर्वांचे मत एकच होते, विजयनगरच्या रामरायाशी लढायचे. पण सोलापूरच्या किल्ल्यावरून ही दोन घराणी आधी भांडत आली होती आणि लढाई जिंकल्यानंतर त्यांचे पुन्हा बिनसले. मत आणि अट यांतले अंतर समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

तिसरे काम: बैठक आणि बोलण्याचा क्रम

सहा जणांनी समान बोलू नये. अडीच हजार शब्दांच्या प्रसंगात दोघांनाच सविस्तर बोलू द्यावे, दोघांनी मध्येच तोडावे, एकाने फक्त प्रश्न विचारावेत आणि एकाने जवळजवळ शेवटपर्यंत गप्प राहावे. माझ्या उदाहरणात सरलष्कर आणि देसाई मोठे बोलतात, स्वामी आणि गंगव्वा तोडतात, नायक ‘किती बैल?’ आणि ‘किती दिवस?’ एवढेच विचारतो, आणि राजमाता ऐकतात. गप्प राहणाऱ्याची निवड विचारपूर्वक करावी. निर्णय ज्याच्या हाती आहे तो गप्प असला, की बोलणारा प्रत्येक जण त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बोलतो आणि प्रसंगाला आपोआप एक केंद्र मिळते.

वाचकाला सहा जण लक्षात राहावेत म्हणून सहाही नावे पहिल्याच परिच्छेदात देऊ नयेत. हुद्द्यावरून ओळख करून द्यावी आणि प्रत्येकाचे संबोधन वेगळे ठेवावे. राजमातेला सगळे ‘आईसाहेब’ म्हणतात, पण गंगव्वा ‘अक्का’ म्हणते. या एका शब्दाने ती दरबारी रीतीबाहेरची आहे हे कळते आणि संवादाखाली ‘गंगव्वा म्हणाली’ असे दर वेळी लिहावे लागत नाही. आपल्या भागातील लेखकाला आणखी एक साधन घरबसल्या मिळाले आहे. बेळगावच्या बाजारात एकाच व्यवहारात मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू कानावर पडते. खलबतातही एखाद्या पात्राने शेजाऱ्याशी हळूच दुसऱ्या भाषेत बोलावे. काय बोलला ते लिहू नये, ती भाषा दालनात आणखी कोणाला कळते एवढेच दाखवावे.

मध्ये एक वस्तूही हवी. आपल्याकडे ती तयार आहे, तबकातला विडा. ज्याने तो उचलला त्याने कामगिरी अंगावर घेतली. बोलणारे कितीही बोलोत, वाचकाची नजर तबकावर राहते.

चौथे काम: प्रत्यक्ष संवाद

आता देसाईंचे गुपित एकदाही मनोगत न लिहिता कसे दाखवायचे ते पाहू.

देसाई उभे राहिले. “आईसाहेब, बारा गावे म्हणजे नकाशावरचे बारा ठिपके नव्हेत. माझ्या आज्याने बसवलेली गावे आहेत ती. माझ्या हयातीत बांधाला कुदळ लागणार नाही.”

“मग घाटात किती मेलेले चालतील ते सांगा,” स्वामी म्हणाले.

“स्वामीजी, घाटावर पाऊस उतरवलात तर एकही मरणार नाही.”

स्वामी थांबले. “पाऊस मृगाला येतो. मठ ऋतूच्या आड येत नाही.”

नायकाने मान वर केली. “गावे हलवायची म्हटली तर किती बैल?”

“चारशे,” देसाई लगेच म्हणाले. “माणसे आधी, मग गुरे, मग बियाणे. देवळांतल्या मूर्ती पालख्यांतून जातील. म्हाताऱ्यांसाठी गाड्या वेगळ्या. दोन रात्रींत होईल.”

कोपऱ्यात लिहीत बसलेल्या म्हाताऱ्या फडणिसाने विचारले, “आणि चावडीतले दफ्तर?”

“कागद काय, पुन्हा लिहिता येतात.”

राजमातांनी प्रथमच त्यांच्याकडे पाहिले.

या तुकड्यात तीन गोष्टी घडतात. बांधाला कुदळ लागू न देणाऱ्या माणसाकडे गावे हलवण्याचा हिशेब बैलांच्या आकड्यासह तयार आहे, म्हणजे त्याने बांध फुटणार हे मनात धरले आहे. त्याच्या यादीत मूर्ती आहेत, बियाणे आहे, म्हातारी माणसे आहेत, पण दफ्तर नाही. आणि ज्याचे सारे वैभव एका कागदावर उभे आहे असा वतनदार ‘कागद पुन्हा लिहिता येतात’ असे म्हणतो. वतनदारीच्या भांडणांची पार्श्वभूमी असलेल्या आपल्या वाचकाला हे वाक्य खटकल्याशिवाय राहणार नाही. त्याच ओघात स्वामींचेही गुपित हलते, कारण मागणी पावसाची होती आणि उत्तर शास्त्रार्थाचे आले.

येथे लेखकाला एक मोह होतो. ‘देसाईंच्या कपाळावर घाम आला’ असे एक वाक्य घालावेसे वाटते. ते घालू नये. घाम, थरथरणारे बोट, चुकवलेली नजर या खुणा कोणत्याही गुपिताला लागू पडतात, म्हणून त्या कोणतेच गुपित सांगत नाहीत. यादीतून गळलेले दफ्तर फक्त देसाईंचेच असू शकते.

दृष्टिकोन कोणाचा ठेवावा, हा प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा. सहापैकी एकाच्या मनातून प्रसंग लिहिला, तर त्याचे गुपित वाचकापासून लपवणे ही फसवणूक ठरते. त्यापेक्षा सातवा माणूस घ्यावा. येथे फडणिस आहे. त्याला दरबाराच्या रीती माहीत आहेत, जुने कागद माहीत आहेत, पण कोणाचेही मन माहीत नाही. तो खटकलेल्या गोष्टी टिपतो, अर्थ लावत नाही. अर्थ वाचकाने लावायचा.

पाचवे काम: निर्णय आणि त्याच रात्री काय होते

निर्णयाने सर्वांना थोडे मिळावे आणि प्रत्येकाची अट कुठेतरी मोडावी. राजमाता म्हणतात, तीन दिवस घाट, चौथ्या पहाटे बांध. त्यांना तीन दिवस मिळाले. सरलष्करांना घाट मिळाला, परंतु दुसऱ्या वळणाखाली उतरायची मनाई झाली, म्हणजे मुलगा राहिला. गंगव्वाला लढाई मिळाली, पण झरे वळवायचा हुकूमही निघाला. स्वामींना हवा तसा बांध फुटणार, मात्र तिसऱ्या रात्री त्यांनी बांधावर येऊन जलपूजा करावी असे ठरले. नायकाला सनद मिळाली, ती बैल परत आल्यावर शिक्का उठेल या बोलीवर. आणि देसाईंना बांध मिळाला, परंतु राजमातांनी सहज म्हटल्यासारखे म्हटले, “दफ्तर पहिल्या गाडीत.”

आता प्रत्येकाने त्याच रात्री काय केले ते एकेका ओळीत लिहावे. सरलष्कर निवडक माणसे घेऊन मनाईच्या वळणाकडे निघतात. गंगव्वा विडा उचलते आणि झऱ्यांकडे जाणारी चुकीची वाट दाखवते. देसाईंचा माणूस मोरी उघडायला जातो, तीन दिवस आधीच. एखाद्या पात्रापुढची ओळ रिकामी राहिली, तर मसलतीतून त्याला काढून टाकावे. पाच पक्षांची घट्ट मसलत सहा पक्षांच्या सैल मसलतीपेक्षा नेहमीच बरी. अशा ओळी भरल्या तर पुढची दोन-तीन प्रकरणे या कागदावरून सरळ लिहिता येतात.

सहावे काम: मसुदा तपासणे

प्रथम बोलणाऱ्यांची नावे झाकून संवाद वाचावेत. कोण बोलते ते संबोधनावरून आणि काळजीच्या विषयावरून ओळखता आले पाहिजे. ओळखता येत नसेल तर दोष बहुधा भाषेचा नसतो. त्या पात्राला स्वतःची अट मिळालेली नसते, म्हणून ते सर्वसाधारण शहाणपण बोलत राहते.

नंतर सहा वेळा वाचावे, प्रत्येक वेळी एकाच पात्राच्या बाजूने, त्याचे गुपित माहीत आहे असे धरून. प्रत्येक वाक्याला विचारावे, हे वाक्य त्याने का उच्चारले असेल? कथानकाला माहिती हवी होती म्हणून, एवढेच उत्तर येत असेल तर ते वाक्य फडणिसाच्या प्रश्नात हलवावे किंवा काढावे. या वाचनात सर्वांत जास्त काटछाट सरलष्करांच्या भाषणात होते, कारण सैन्याची संख्या, वाटा आणि शत्रूचे अंतर ही सगळी माहिती लेखक त्यांच्याच तोंडी कोंबतो.

शेवटी मोठ्याने वाचन करावे. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांतून भरणाऱ्या साहित्य संमेलनांमुळे आपल्याकडे कथाकथन ऐकणारा आणि करणारा माणूस गावोगावी सापडतो. सहा जणांना गोलात बसवावे, प्रत्येकाला फक्त आपल्याच पात्राचा कागद द्यावा आणि इतरांची गुपिते सांगू नयेत. वाचन संपल्यावर प्रत्येकाला विचारावे, इतरांपैकी कोणावर संशय आला आणि कोणत्या वाक्याला आला. सर्वांनी एकालाच पकडले तर त्याची अट फार उघडी आहे, ती दुसऱ्या एखाद्या रास्त मागणीच्या आड सरकवावी. कोणालाच काही खटकले नाही तर खुणा फार खोल गेल्या आहेत. दोघातिघांनी वेगवेगळ्या माणसांवर बोट ठेवले आणि त्यांच्यात तिथल्या तिथे वाद लागला, तर मसुदा पुढच्या प्रकरणासाठी तयार आहे.